हील हलते आहे? आधी खालच्या टिपकडे बघा

प्रश्न: माझा काळ्या पेन्सिल हीलचा बंद जोड आहे, साधारण तीन इंची. दीड वर्ष ऑफिसला वापरतेय. उजव्या बुटाची खालची टिप मागच्या बाजूने झिजलीय आणि फरशीवर टकटक वाजते. आता तीच हील थोडी हलायलाही लागलीय. स्टेशनबाहेरच्या काकांनी बाहेरून एक खिळा मारून दिला, आठवडाभर बरं वाटलं, परत तेच. घरी गोंद लावून चालेल का? टिप बदलू? की जोड गेला समजू?

उत्तर:

ताई, जोड गेला असं एवढ्यावरून म्हणता येत नाही. पण गोंद लावू नका, आणि दुरुस्त होईपर्यंत तो घालू नका. ऑफिसपुरताही नाही. कारण तुम्ही ज्याला दोन दुखणी समजताय, ते बहुतेक एकच आहे. टिप झिजली म्हणून हील सैल झाली. नुसती टिप बदललीत तर हील हलतच राहील. नुसती हील घट्ट केलीत तर वाकडी झिजलेली टिप तिला दोन-तीन महिन्यांत पुन्हा सैल करेल.

मी बावीस वर्षं हे काम करतोय. सुरुवातीची काही वर्षं धारावीत एका कारखान्यात हील बसवायच्या मशीनवर होतो, नंतर स्वतःचं दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं. कारखान्यात हील कशी बसते ते रोज शेकड्याने बघितलं, म्हणून ती कुठून सुटते ते आता बूट हातात घेतल्यावर कळतं. तुम्हालाही कळेल. त्यासाठी आधी हील आतून कशी असते ते डोळ्यांपुढे आणा.

पेन्सिल हील म्हणजे आतून कडक प्लास्टिकचा ओतलेला तुकडा. वरून त्यावर चामडं किंवा रेक्झिन ताणून चिकटवलेलं असतं. हील बारीक असेल तर नुसतं प्लास्टिक वजन पेलणार नाही, म्हणून तिच्या पोटातून वरपासून खालपर्यंत पोलादी नळी घातलेली असते. या नळीच्या खालच्या तोंडात टिपचा दांडा ठोकून बसवतात. टिप म्हणजे पॉलियुरेथेनची नखाएवढी चकती आणि तिच्यात रुतवलेला दीड-दोन सेंटिमीटरचा पोलादी दांडा. दांड्याचं चपटं डोकं चकतीच्या आत असतं, ते बाहेरून दिसत नाही. दिसायला लागलं तर चकती संपली असं समजायचं.

ही झाली खालची बाजू. वरच्या बाजूला हील बुटाला चिकटवलेली असते, पण तिला खरं धरून ठेवतात ते आतून मारलेले खिळे आणि स्क्रू. टाचेखालचं मऊ अस्तर उचललंत की एक जाड पुठ्ठा दिसतो. त्यातून मधोमध एक स्क्रू आणि भोवती चार-पाच खिळे खाली हीलमध्ये गेलेले असतात. या खिळ्यांच्या अंगावर गोल कड्या असतात, त्या प्लास्टिकला धरून ठेवतात. पुठ्ठ्याच्या खाली टाचेपासून चवड्यापर्यंत पोलादाची एक पट्टी असते, तिला शँक म्हणतात. टाच आणि चवडा यांच्या मधला भाग अधांतरी असतो ना, त्याला वाकू न देण्याचं काम ही पट्टी करते. बऱ्याच बुटांत मधला स्क्रू या पट्टीच्या टोकातूनच जातो.

आता टिप झिजल्यावर वरचे खिळे का सुटतात, ते एका हिशेबात सांगतो. बहुतेक माणसं टाच टेकवताना बाहेरच्या मागच्या कोपऱ्यावर टेकवतात. म्हणून टिपही तिथेच आधी झिजते आणि तिचा उतार होतो. सपाट टिपवर वजन सरळ खाली जातं. उतरत्या टिपवर पाऊल पडलं की हील बाहेरच्या बाजूला ढकलली जाते. समजा हा आडवा रेटा फक्त पाच किलोचा आहे. तुमची हील तीन इंच म्हणजे साधारण ७५ मिलिमीटर, आणि वर खिळ्यांचा घेर जेमतेम २५ मिलिमीटरचा. पहारीने दगड उचलतो तसा प्रकार होतो. खालचे पाच किलो वर जाईपर्यंत तिप्पट होतात आणि एका बाजूच्या खिळ्यांवर पंधरा किलोची ओढ पडते. प्रत्येक पावलाला. दिवसाला दोन-तीन हजार पावलं धरा. कड्या प्लास्टिकमधून थोड्या थोड्या सरकतात, फटीतून पाणी शिरतं, खिळे गंजतात, पुठ्ठा मऊ पडतो. मग खिळ्याचं डोकं पुठ्ठ्यात रुततं, आणि हील हलायला लागली हे तुम्हाला तेव्हा कुठे जाणवतं.

म्हणजे सुरुवात बऱ्याच आधी झालेली असते. टकटक आवाज हा खरा इशारा. नवी टिप फरशीवर बोदं वाजते. स्वच्छ धातूचा टक असा आवाज आला तर दांड्याचं डोकं किंवा नळीचं तोंड फरशीला लागतंय. त्या आवाजानंतरही चालत राहिलात तर बिघाड टिपपुरता राहत नाही. नळीचं तोंड फरशीवर आपटून खिळ्याच्या डोक्यासारखं फुलतं, मग जुना दांडा बाहेर येत नाही आणि नवा आत जात नाही. भोवतीचं प्लास्टिक आणि चामडं खालून घासून जातं. आणि व्हिट्रिफाइड टाइल्सवर पोलाद म्हणजे सरळ घसरगुंडी. पावसाळ्यात ओल्या जिन्यावर किंवा प्लॅटफॉर्मवर तर विचारूच नका.

दर पंधरा दिवसांनी दोन्ही बूट टेबलावर ठेवून मागून डोळ्याच्या उंचीवर बघायचे, एवढी सवय पुरते. टिपची मूळ जाडी पाच-सहा मिलिमीटर असते. सगळ्यात पातळ कोपऱ्यात दोन मिलिमीटर उरली की बदलून घ्या. चामड्याची खालची कड फरशीला लागायच्या आत हे व्हायला हवं, कारण टिप दहा मिनिटांत बदलते, पण घासलेलं चामडं परत येत नाही.

आता तुमची हील कुठे सुटली आहे ते घरीच बघा, हत्यार लागत नाही. एका हाताने बुटाचा टाचेचा भाग वरून घट्ट धरा, दुसऱ्या हाताने हील खालून पकडून पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हलवा. नजर हील आणि बूट जिथे मिळतात त्या रेघेवर ठेवा. चार वेगवेगळ्या गोष्टी दिसू शकतात आणि चारींचा इलाज वेगळा आहे.

पहिली, रेघेवर फट उघडते आणि मिटते, पण हील स्वतः कडक आहे. म्हणजे स्क्रू किंवा खिळे सैल आहेत. हे सगळ्यात जास्त वेळा दिसतं आणि नीट दुरुस्त होतं. दुसरी, फट दिसत नाही पण आतला पुठ्ठा हीलबरोबर दबतो. अंगठ्याने टाचेच्या जागी दाबलं की ओल्या बिस्किटासारखं वाटतं. पुठ्ठा कुजलाय. दुरुस्त होतं, पण वेळ लागतो. तिसरी, हील हलत नाही, मात्र बुटाचा मधला भागच वाकतो आणि घालून उभं राहिलं की हील आत, पायाखाली सरकते. शँक तुटली आहे किंवा तिचा रिव्हेट सुटला आहे. चौथी, हील मधूनच लवते, कट्-कट् आवाज येतो, वरच्या चामड्याला एका जागी आडवी सुरकुती पडते. प्लास्टिकलाच तडा गेलाय. हा तडा गोंदाने, खिळ्याने, कशानेही टिकत नाही. पूर्ण हील बदलावी लागते, तीही दोन्ही बुटांची, कारण उंची, वरच्या बैठकीचा आकार आणि उतार तिन्ही जुळणारी एकटी हील मिळणं म्हणजे नशीब.

तुमच्या वर्णनावरून पहिला प्रकार वाटतो, कदाचित दुसऱ्याची सुरुवात. पण तो बाहेरून मारलेला खिळा मला खटकतोय. काकांचा दोष नाही म्हणा. रस्त्यावर उभ्या-उभ्या, ट्रेन पकडायची घाई असलेल्या माणसाला तेवढंच देता येतं. पण हीलचा वरचा भाग कपासारखा पोकळ असतो आणि त्याची भिंत पातळ. बाहेरून तिरका खिळा त्या भिंतीला फोडून जातो. हलक्या हाताने मारला तर वाचते, नाहीतर भिंतीत केसाएवढा तडा पडतो आणि तो दिसत नाही, कारण वर चामडं आहे. तुमच्या खिळ्याच्या आसपास बोट फिरवा. चामड्याखाली बारीक कंगोरा लागला, किंवा दाबल्यावर कट् वाजलं, तर दुकानदाराला आधी ते दाखवा. स्वतः खिळा उपटू नका. तो बाहेर काढताना तडा मोठा होतो. आम्ही आधी आतले खिळे काढून हील वेगळी करतो आणि मग तो आतल्या बाजूने मागे ठोकून काढतो.

गोंदाचं म्हणाल, तर छोट्या ट्यूबमधला क्षणात चिकटणारा गोंद हीलसाठी सगळ्यात वाईट. तो काचेसारखा कडक होतो. ताण सहन करतो, पण धक्का नाही, आणि टाच म्हणजे दर पावलाला धक्का. आठवड्यात सुटतो. त्याहून मोठा त्रास नंतर होतो. त्याचा कडक थर पुठ्ठ्यावर आणि प्लास्टिकवर राहतो आणि त्यावर चांगला गोंद धरत नाही. मला तो कानशीने खरवडून काढावा लागतो. नवी टिप बसवायचं काम दहा मिनिटांचं, पण या गोंदाने नळीत चिकटवलेला दांडा काढायला माझा कधीकधी अर्धा तास जातो.

घरी एकच गोष्ट करता येते, तीही पहिल्या प्रकारात. टाचेखालचं अस्तर मागच्या टोकाकडून सावकाश उचला. निघत नसेल तर हेअर ड्रायरची कोमट हवा मिनिटभर द्या, गोंद सैल होतो. ओढून फाडू नका, हेच परत लावायचं आहे. मधोमध स्क्रूचं डोकं दिसेल. त्याच्या खाचेत नीट बसणारा लांब स्क्रूड्रायव्हर घ्या. पाव-पाव फेरा देत घट्ट करा. फेरा-दीड फेऱ्यात स्क्रू अडला आणि हील हलायची थांबली, तर तुमचं काम झालं. अस्तराला आणि पुठ्ठ्याला दोन्हीकडे रबर सोल्यूशनचा पातळ हात द्या, दहा-पंधरा मिनिटं बोटाला चिकटेनासं होईपर्यंत वाळू द्या, मग दाबून बसवा. ओलं असतानाच चिकटवलंत तर धरत नाही, बहुतेक जण तिथेच चुकतात.

स्क्रू नुसता फिरत राहिला तर आटे गेले. तिथेच थांबा आणि दुकान गाठा. आटे गेलेल्या भोकात काडी कोंबून स्क्रू पिळायचा उपाय दाराच्या बिजागरीला चालतो. हीलमध्ये ती काडी ओलाव्याने फुगते, मग कुजते. खिळे मात्र घरी ठोकायच्या भानगडीत पडू नका. हीलला खालून पक्का टेकू दिल्याशिवाय ठोकलं की मार भलतीकडेच जातो. शिवाय मध्ये नळी आहे. खिळा तिच्यावर आपटला तर वाकून हीलच्या भिंतीतून बाहेर डोकावतो. मीही शिकाऊ असताना एका नव्या जोडाचं हेच केलं होतं, आणि त्या हीलचे पैसे माझ्या पगारातून गेले.

दुकानात काय व्हायला हवं, ते गेल्या पावसाळ्यात आलेल्या एका जोडावरून सांगतो. तुमच्यासारखाच, तीन इंची, काळा. उजवी टिप पूर्ण गेलेली आणि त्या ताई दहा दिवस नुसत्या नळीवर चालल्या होत्या. हील बाहेरच्या बाजूला कलली होती. त्यांनी फक्त टिप बदलायला आणला होता.

मी आधी टिपला हात लावला नाही. हा क्रम महत्त्वाचा आहे. हील वाकडी असताना टिप सपाट घासून बसवली, तर हील सरळ झाल्यावर तीच टिप तिरकी होते. शिवाय टिप ठोकताना बसणारा मार सैल खिळ्यांना आणखी सैल करतो. म्हणून पहिलं काम वरचं. अस्तर उचललं. स्क्रू गंजलेला, आटे गेलेले. पाच खिळ्यांपैकी बाहेरच्या बाजूच्या दोघांची डोकी पुठ्ठ्यात पार रुतलेली. पुठ्ठा रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत मऊ झालेला, बाकीचा ठीक. शँक तपासली. बुटाचा मधला भाग दोन्ही हातांत धरून वाकवून बघितला, वाकला नाही, म्हणजे ती शाबूत होती.

स्क्रू काढला, खिळे आतून उचलून काढले, हील हातात आली. आतल्या बाजूला जुना पिवळा पडलेला गोंद आणि फटीतून शिरलेली माती होती. सगळं खरवडलं. प्लास्टिकच्या भिंती उजेडात धरून बघितल्या. ताण पडलेलं प्लास्टिक आधी पांढुरकं होतं, मग तडकतं. बाहेरच्या बाजूला एका भोकाभोवती पांढरा डाग होता, पण तडा नव्हता. हा डाग भिंतीपर्यंत गेला असता तर मी तिथेच काम थांबवून त्यांना नवी हील सुचवली असती.

जुन्या भोकांत इपॉक्सी भरली, म्हणजे दोन नळ्यांतलं सारखं मिसळून लावायचं ते. ती कडक झाल्यावर नवी भोकं जुन्यांच्या शेजारी पाडली, खिळ्यापेक्षा बारीक ड्रिलने. कारखान्यातलं मशीन सगळे खिळे एका दाबात बसवतं, तिथे आधी भोक लागत नाही. हाताने ठोकताना भोक न पाडता खिळा मारला तर प्लास्टिक फुटायची भीती असते. मऊ पडलेला पुठ्ठा कापून काढला आणि त्या जागी नवा जाड पुठ्ठा बसवला, कडा रापीने तासून, नाहीतर टाचेला उंचवटा टोचतो. मग दोन्ही बाजूंना गोंद, वाळू दिला, हील बसवली आणि आधी फक्त मधला स्क्रू घातला, मूळ स्क्रूपेक्षा एक नंबर जाड. खिळे मारायच्या आधी दोन्ही बूट काचेवर शेजारी ठेवून मागून बघितले. या क्षणी हील अजून थोडी फिरवता येते. खिळे मारल्यावर येत नाही. डाव्याशी तंतोतंत जुळल्यावर हीलला खालून पक्का टेकू दिला आणि बुटाच्या आतून कड्यांचे पाच खिळे मारले, किंचित आतल्या बाजूला झुकवून. मग रात्रभर ठेवला. ताईंना दुसऱ्या दिवशीच हवा होता, पण मी दिला नाही. पहिल्या दिवसाच्या चालण्यातच गोंद मोडतो.

खालचं काम दुसऱ्या दिवशी. डाव्या बुटाची टिप जंबुराने चकतीखाली चिमटा घालून सरळ ओढली, निघाली. पिळून काढायची नाही, पिळल्याने नळी प्लास्टिकमध्ये फिरते आणि एकदा फिरली की कायमची सैल. उजवीकडे चकती नव्हतीच, दांड्याचं तुटलेलं टोक नळीत होतं आणि नळीचं तोंड त्यावर चेपलेलं. कानशीने तोंड सपाट केलं, साधारण दीड मिलिमीटर गेलं, मग दांडा मोकळा झाला आणि बारीक पकडीने निघाला. उजवी दीड मिलिमीटर आणि झिजलेलं प्लास्टिक धरून एकूण दोन मिलिमीटर लहान झाली होती, म्हणून डावीही तेवढीच घासली. दोन्ही सारख्या हव्यात, नाहीतर कंबरेला कळतं. पण असं लहान करण्याला मर्यादा आहे. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त घासलं की बुटाचा तोल मागे जातो, चवडा उचलला जातो आणि टिप फक्त मागच्या कडेवर टेकते. त्याच्या पुढे गेलेली हील बदलायचीच.

टिप निवडताना दांड्याची जाडी बघायची, चकतीचा आकार नंतर. दांडे अडीच ते साडेतीन मिलिमीटरच्या दरम्यान वेगवेगळ्या जाडीचे येतात. हाताने अर्धा आत जाईल आणि पुढे हातोडी लागेल असा हवा. पूर्ण हाताने गेला तर तो पडणार, कुठल्यातरी जिन्यावर. दुकानदार दांड्याला दोरा किंवा कागद गुंडाळताना दिसला तर जाड दांड्याची टिप मागा. नसेलच तर पकडीने दांड्यावर खाचा पाडून इपॉक्सीत बसवलेली निदान टिकते. चकती हीलच्या तळापेक्षा किंचित मोठी घ्यायची, सपाट बाजू पुढे ठेवून ठोकायची, मग कडा घासून हीलशी एकजीव करायच्या. घासताना चामड्यावर चिकटपट्टी लावलेली हवी. आणि चाक सावकाश फिरवायचं, नाहीतर पॉलियुरेथेन वितळून कडेला लोंबतं.

टिप कडक घ्यावी की मऊ, हे सगळे विचारतात. कडक जास्त टिकते, पण गुळगुळीत टाइल्सवर घसरते आणि धक्का थेट वर खिळ्यांना देते. एकदा सैल झालेल्या हीलला मी मऊच लावतो, ती लवकर झिजली तरी चालेल. तुमच्या जोडाच्या खोक्यात छोट्या पुडीत दोन जादा टिपा मिळाल्या असतील तर त्या घेऊन जा, त्यांचा दांडा तुमच्या नळीच्या मापाचा असतो. मात्र पाच-सहा वर्षं कपाटात पडलेल्या असतील तर आधी नखाने दाबून बघा. आपल्याकडच्या दमट हवेत पॉलियुरेथेन न वापरताच भुरभुरं होतं. मुंबईत लग्नाचा जोड चार वर्षांनी काढला आणि हॉलपर्यंत जाईतो टिपांचा चुरा झाला, असं दर सीझनला कोणीतरी सांगतच येतं. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेले जोड जास्त लवकर जातात.

ब्लॉक हील असलेल्यांसाठी थोडक्यात. तिथे दांडा नसतो, रबराचा तुकडा चिकटवून दोन-तीन चुका मारलेल्या असतात. तो घरी बदलता येतो, फक्त चुकांची डोकी रबराच्या आत खोल जायला हवीत. रुंद हील सहसा हलत नाही, हललीच तर बहुधा पुठ्ठा कुजलेला असतो.

तुमच्या जोडाकडे परत येतो. आज वरची परीक्षा करा. फट उघडत-मिटत असेल आणि खिळ्यापाशी कट् वाजत नसेल तर दुरुस्ती नक्की करून घ्या. दुकानात गेल्यावर "टिप बदला" म्हणू नका, "हील आतून बसवून मग टिप घाला, दोन्ही बुटांची" असं सांगा, आणि अस्तर उचलून स्क्रू दाखवायला सांगा. जो म्हणेल आत बघायची गरज नाही, बाहेरून एक खिळा मारतो, त्याच्याकडून जोड परत घ्या. तडा निघाला तर मूळ जोड किती चांगला आहे ते बघा. वरचं चामडं खरं आणि तळ शाबूत असेल तर नव्या हीलचा खर्च करावा, रेक्झिनचा असेल तर मी स्वतः करत नाही, गिऱ्हाइकाला तसं सांगतो.

आणि दुरुस्त होऊन आल्यावर पहिले दोन दिवस पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर नको. त्या फटीत हील अडकून पाऊल पुढे गेलं की नव्या खिळ्यांवर एकाच झटक्यात जी ओढ येते, ती साध्या चालण्यापेक्षा कितीतरी जास्त असते. घरापासून साधी चप्पल घालून जा, बूट ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवा.